वजन नऊ किलो उतरलं, ट्रायग्लिसराइड निम्म्यावर आले, मग एचडीएल का घसरलं?

नाशिकचा_सुहास

मंडळी, दोन्ही रिपोर्ट समोर ठेवून लिहितोय.

वय ४४, उंची पाच फूट सात. कंपनीच्या वार्षिक तपासणीत ट्रायग्लिसराइड २८६, एचडीएल ३४, एकूण कोलेस्टेरॉल २१२ आले आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड २ निघालं. तेव्हा वजन ८१ किलो, कंबर ९८ सेंमी. दारू-सिगारेट काही नाही. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. "सहा महिने देतो, पोट उतरवून दाखवा" म्हणाले.

उतरवलं. गोड चहा बंद, फरसाण-बिस्किटं बंद, रात्रीचा भात बंद, सकाळी गोदाकाठी तासभर झपाझप चालणं. आता वजन ७२, कंबर ९०. परवाचा रिपोर्ट असा: ट्रायग्लिसराइड १४८, एकूण कोलेस्टेरॉल १७१ आणि एचडीएल ३१.

डॉक्टर "झकास चाललंय" म्हणाले, तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला. पण लॅबने एचडीएलच्या पुढे ठळक अक्षरात 'लो' छापलंय ते माझ्या डोक्यातून जात नाही. वजन उतरलं की चांगलं कोलेस्टेरॉल वाढतं असं जिथेतिथे वाचलं होतं. माझं तर ३४ चं ३१ झालं. असं का व्हावं?

पेठेतला_पप्पू

अभिनंदन साहेब, नऊ किलो म्हणजे खायचं काम नाही (उलट न खायचं काम!).

उत्तर सोपं आहे. तुम्ही फॅट एकदम तोडलं असणार. एचडीएलला फॅट लागतं. रोज दोन चमचे साजूक तूप, मूठभर बदाम आणि रात्री एक ग्लास रेड वाईन चालू करा. माझं एचडीएल ५८ आहे. आमच्या ग्रुपमध्ये कोणाचंच नाही एवढं.

अण्णा_सातारकर

सुहासराव, कमी झालं ते बरंच झालं की. कोलेस्टेरॉल कमी व्हावं म्हणून तर एवढा खटाटोप. मला डॉक्टरांनी रात्रीची गोळी दिलीय, माझं २४० वरून १५० वर आलं. तुमचं ३४ वरून ३१ म्हणजे गोळीशिवाय आलं, कमाल आहे.

शुभांगी_म

अण्णा, ते एकूण कोलेस्टेरॉलचं. सुहास एचडीएलबद्दल विचारतायत, ते जास्त असलेलं बरं असतं.

अण्णा_सातारकर

असं होय. मग वाचतो पुढचं.

लॅबवाली_मंजिरी

सुहास, आधी एक सांगा. रक्त दिलं त्या आठवड्यात वजन उतरतच होतं की थांबलेलं होतं?

नाशिकचा_सुहास

उतरतच होतं ताई. शेवटच्या महिन्यातच दोन किलो गेलं.

लॅबवाली_मंजिरी

मग तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

वजन उतरत असताना एचडीएल थोडं खाली येतं, आणि नव्या वजनावर शरीर स्थिरावलं की पूर्वीपेक्षा वर जातं. हे जुनं निरीक्षण आहे. १९९२ मध्ये अशा ७० अभ्यासांचं एकत्र गणित मांडलं गेलं. त्यात वजन उतरत असताना दर किलोमागे एचडीएल साधारण पाव मिलिग्रॅमने घटलेलं दिसलं, आणि वजन स्थिर झालेल्यांत दर किलोमागे साधारण एक तृतीयांश मिलिग्रॅमने वाढलेलं. तुमच्या नऊ किलोंना लावून बघा. उतरताना सव्वादोन-अडीचने घट, म्हणजे ३४ चं साडेएकतीसच्या आसपास. तुमचं आलं ३१. स्थिरावल्यावर मूळ ३४ वर तीनेक मिलिग्रॅम, म्हणजे ३७ च्या आगेमागे. ही सरासरी आहे, तुमचं शरीर ती पाळेलच असं नाही. पण ३१ पाहून दचकायचं कारण नाही.

असं होतं कारण एचडीएलचा बराचसा माल ट्रायग्लिसराइडवाल्या कणांच्या विघटनातून येतो. चरबीच्या पेशींबाहेर एक एन्झाइम असतं, लायपोप्रोटीन लायपेज. ते हे कण फोडतं, तेव्हा सुटणारं वरचं आवरण एचडीएलला मिळतं. उपासमारीच्या काळात चरबीच्या पेशी साठवायच्या मूडमध्ये नसतात, म्हणून तिथलं हे एन्झाइम मंदावतं. शिवाय खाण्यातलं एकूण फॅटही घटलेलं असतं. तेवढ्यापुरतं पप्पूंचं बरोबर आहे.

वाईनचं मात्र बरोबर नाही, त्यावर नंतर येते.

पेठेतला_पप्पू

हे किलोमागचं गणित जरा गंडलेलं वाटतं. त्याच हिशोबाने ट्रायग्लिसराइड किती उतरायला हवे होते?

लॅबवाली_मंजिरी

चांगला प्रश्न. त्या गणितात किलोमागे सव्वा-दीड मिलिग्रॅम येतात. नऊ किलोंना बारा-तेरा. सुहासचे उतरले १३८.

सरासरीत ज्यांचे ट्रायग्लिसराइड मुळातच नॉर्मल होते तेही धरलेले असतात, त्यांचे उतरून उतरून किती उतरणार? सुहासचे वाढलेले होते ते यकृतामुळे. त्यामुळे तुमच्या बाबतीत काट्यावरचे नऊ किलो मोजण्यापेक्षा यकृतातून किती ग्रॅम चरबी गेली हे मोजायला हवं. ते मोजणं अवघड, म्हणून आपण वजन मोजतो.

शुभांगी_म

मंजिरीताई, इथेच माझी केस टाकते. सुहास, धागा हायजॅक करतेय, सॉरी.

वय ४७, वजन ५४ किलो, उंची १५७. मला कोणीही जाड म्हणणार नाही. तरी ट्रायग्लिसराइड २१०, एचडीएल ३९. सोनोग्राफीत ग्रेड १. डॉक्टर म्हणाले वजन कमी करा. कुठून कमी करू? गालफडं आधीच बसलीत.

लॅबवाली_मंजिरी

कंबर किती?

शुभांगी_म

सलवारीची नाडी बांधते तिथे २९ इंच.

लॅबवाली_मंजिरी

नाडीची कंबर नको. शिवणाची टेप घ्या. कुशीत सगळ्यात खालची बरगडी चाचपा आणि नितंबाच्या हाडाची वरची कड चाचपा. दोन्हींच्या मधोमध टेप आली पाहिजे, कपड्यावरून नाही, अंगालगत. आरशात बघा, मागे खाली घसरलेली नसावी. श्वास सहज सोडा आणि तेव्हाचा आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही, कोणी बघत नाहीये.

पुरुषांचा घोटाळा तर विचारूच नका. पँट पोटाच्या खाली घालतात आणि "माझी कंबर ३४" म्हणतात. टेप लावली की ४० निघते.

शुभांगी_म

अगं बाई. ८६ सेंमी. दोनदा मोजली.

निवृत्त_फिजिशियन

शुभांगीताई, आपल्याकडच्या बायकांसाठी मर्यादा ८० ची आहे, पुरुषांसाठी ९०. गोऱ्यांच्या तक्त्यात ती जास्त असते, त्यामुळे नेटवर बघितलंत तर स्वतःला फिट समजाल. तुमचा बीएमआय २२ च्या आत आहे, म्हणून वजनाच्या तक्त्यात तुम्ही सापडत नाही. टेपवर सापडता.

यावर आपल्या पुण्याचंच उदाहरण आहे. केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी किती दडलेली असू शकते हे त्या एका फोटोने जेवढं दाखवलं तेवढं आमच्या कॉलेजातल्या लेक्चरांनी नाही दाखवलं.

वजन उतरवण्याआधी एक काम करा. टीएसएच आणि एचबीए१सी करून घ्या. ट्रायग्लिसराइड वाढले की आधी थायरॉइड, साखर, किडनी आणि चालू औषधं बघायची, मग पोटाला दोष द्यायचा. स्टेरॉइड, काही बीपीच्या गोळ्या, सगळ्यांनी आकडा हलतो.

जर्मनीतली_गौरी

इकडे माझ्या नवऱ्याचे ट्रायग्लिसराइड २.९ आलेत आणि एचडीएल ०.९. तुमच्या २८६ समोर हे फारच कमी वाटतंय, आनंद मानू का?

लॅबवाली_मंजिरी

नका मानू. :) युनिट वेगळं आहे. ट्रायग्लिसराइडला ८८.६ ने गुणा, म्हणजे २५७. एचडीएलला ३८.७ ने, म्हणजे ३५. दोन्हींचा गुणक वेगळा हे लोक विसरतात. तुमचे अहो आणि सुहासचा जुना रिपोर्ट एकाच घरातले वाटतात.

जर्मनीतली_गौरी

अरे देवा. संध्याकाळी टेप काढते.

नाशिकचा_सुहास

मला अजून हे कळत नाहीये की पोटाचा, यकृताचा आणि एचडीएलचा एकमेकांशी संबंध काय. ट्रायग्लिसराइड वाढले की एचडीएल कमी, हे जोडीनेच का येतं?

लॅबवाली_मंजिरी

आता मुद्द्याचं विचारलंत.

कातडीखालची चरबी ही तशी निरुपद्रवी जागा आहे. जास्तीचं खाल्लेलं तिथे मावतं तोवर रक्ताचे रिपोर्ट ठीक येतात. आपल्याकडे अनेकांचा हा हंडा लहान असतो. भरला की बाहेर सांडतं, ते आतड्यांभोवती, यकृतात, स्वादुपिंडात. म्हणून ५४ किलोच्या शुभांगीताईंचं सांडतं आणि ९५ किलोच्या एखाद्या बाईचं नाही.

यकृतातल्या चरबीचा मोठा भाग चरबीच्या पेशींतून सुटून रक्तात आलेल्या फॅटी अ‍ॅसिडचा असतो. जवळजवळ पाव भाग यकृत स्वतः साखर-पिठापासून बनवतं, आणि थेट ताटातल्या तेलातुपातून येणारा वाटा सगळ्यात लहान असतो. इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं की पहिले दोन्ही नळ मोकळे सुटतात. यकृत मग ती चरबी व्हीएलडीएल नावाच्या मोठाल्या कणांत भरून रक्तात सोडतं. रिपोर्टमध्ये उपाशीपोटी दिसणारे ट्रायग्लिसराइड मुख्यतः हेच.

आता एचडीएल. रक्तात सीईटीपी नावाचं एक प्रोटीन या कणांमध्ये अदलाबदल करतं. व्हीएलडीएलकडून ट्रायग्लिसराइड घेतं आणि एचडीएलला देतं, बदल्यात एचडीएलकडचं कोलेस्टेरॉल व्हीएलडीएलला. व्हीएलडीएलची गर्दी जितकी जास्त तितकी ही अदलाबदल जास्त. एचडीएलकडे कोलेस्टेरॉल राहतं थोडं आणि ट्रायग्लिसराइड भरपूर. असा कण यकृताकडे आला की तिथलं लायपेज त्यातले ट्रायग्लिसराइड कापून घेतं, कण बारीक होतो आणि त्याचं प्रोटीन किडनीतून लवकर निघून जातं. थोडक्यात एचडीएल कमी बनतं असं नाही, ते टिकत नाही.

त्यामुळे क्रम लक्षात ठेवा. यकृत रिकामं व्हायला लागलं की व्हीएलडीएल कमी होतं आणि ट्रायग्लिसराइड काही आठवड्यांत उतरतात. एचडीएल मागून, रेंगाळत येतं.

कट्ट्यावरचा_विन्या

यकृत रिकामं व्हायला किती वेळ लागतो? माझा जिममधला ट्रेनर म्हणतो फॅटी लिव्हरला वर्षं लागतात.

लॅबवाली_मंजिरी

चरबीला नाही लागत, जखमेला लागतात. न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांनी २०११ मध्ये मधुमेहींना दिवसाला ६०० कॅलरींवर ठेवून एमआरआयने यकृतातली चरबी मोजली. पहिल्या सात दिवसांत ती ३० टक्क्यांनी घटली. आठ आठवड्यांत १२.८ टक्क्यांवरून २.९ वर आली. हे देखरेखीखालचं होतं, घरी करायचं नाही. झपाट्याने वजन उतरवलं की पित्ताशयात खडे होतात, ते दुखणं नको.

पण यकृताला सूज येऊन व्रण पडायला लागले असतील तर ते हटायला बरंच जास्त वजन आणि जास्त वेळ लागतो. चरबी पाच टक्के वजनावरही कमी होते, व्रणासाठी दहा टक्क्यांच्या पुढे जावं लागतं. सुहासचे अकरा टक्के उतरलेत, ही बरी गोष्ट आहे.

कट्ट्यावरचा_विन्या

मग पोटाची चरबी ऑपरेशनने काढून टाकली तर? एका दिवसात कंबर खाली. (मी करणार नाहीये, शंका आहे.)

निवृत्त_फिजिशियन

करून बघितलंय लोकांनी. २००४ मध्ये अमेरिकेत पंधरा लठ्ठ बायकांच्या पोटावरून लायपोसक्शनने दहा किलोच्या आसपास चरबी काढली. दहा-बारा आठवड्यांनी तपासलं तर ट्रायग्लिसराइड, एचडीएल, इन्सुलिन, काहीच हललं नाही. कंबर कमी झाली होती, पण यकृत होतं तसंच. त्यांनी चुकीची चरबी काढली. मंजिरीताईंच्या भाषेत सांगायचं तर सांडलेलं पुसलं नाही, हंडाच उचलून नेला.

म्हणून कंबरेचा आकडा हा आतल्या चरबीचा अंदाज आहे, स्वतः रोग नाही. पोटाचा पट्टा बांधून घाम काढणाऱ्यांनी हे वाचावं.

पेठेतला_पप्पू

सगळं मान्य. पण माझं एचडीएल ५८ आहे आणि मी रोज दोन पेग घेतो, हे तर खोटं नाही ना?

लॅबवाली_मंजिरी

खोटं नाही. दारूने एचडीएल वाढतं. ट्रायग्लिसराइड किती आहेत तुमचे?

पेठेतला_पप्पू

२३०. पण ते मटणामुळे.

लॅबवाली_मंजिरी

पप्पूराव, मटणाने उपाशीपोटीचे ट्रायग्लिसराइड एवढे चढत नाहीत, पेगने चढतात. यकृत दारू जाळण्यात गुंतलं की चरबी जाळायची बाजूला पडते.

आणि एचडीएलचा आकडा औषधाने ओढून वर नेण्याचे प्रयोग झालेत. टॉरसेट्रापिब हे सीईटीपी अडवणारं औषध, त्याने एचडीएल भरपूर वाढलं आणि मृत्यूही वाढले. २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. नंतर नायसिनने एचडीएल वाढवलं, स्टॅटिन घेणाऱ्यांना त्याचा जास्तीचा फायदा दिसला नाही, तीही चाचणी २०११ मध्ये थांबली. एचडीएल हा यकृताची आणि स्नायूंची अवस्था दाखवणारा काटा आहे. काटा बोटाने सरकवून काही होत नाही.

पेठेतला_पप्पू

बरं. पण चालण्याने वाढतं हे तरी खरं ना? नाहीतर आम्ही पहाटे पर्वती चढतो ते वायाच.

लॅबवाली_मंजिरी

पर्वती वाया नाही. व्यायामाने एचडीएल सरासरी दोन-अडीच मिलिग्रॅम वाढतं, फार नाही. पण स्नायूंमधलं लायपेज जागं होतं आणि पुढचा दिवस-दीड दिवस ट्रायग्लिसराइड खाली राहतात. म्हणून रविवारी एकदाच सिंहगड चढण्यापेक्षा एक दिवस आड पर्वती बरी. वजन न हलताही पोटाच्या आतली चरबी व्यायामाने उतरते, हे शुभांगीताईंसाठी महत्त्वाचं आहे.

कट्ट्यावरचा_विन्या

माझ्या मेव्हण्याचा हा सिद्धांत मोडतो. त्याला ग्रेड २ फॅटी लिव्हर, कंबर ही एवढी, आणि ट्रायग्लिसराइड ९५, एचडीएल ४६. मग?

लॅबवाली_मंजिरी

मोडत नाही, पण सांगितलंत ते बरं केलंत. काही जणांत यकृत चरबी बाहेर पाठवू शकत नाही. टीएम६एसएफ२ नावाच्या जनुकात एक बदल असतो, त्यात व्हीएलडीएल नीट भरलं जात नाही. रक्त स्वच्छ दिसतं, कारण चरबी यकृतातच अडकून बसते. हृदयाला बरं, यकृताला वाईट. मेव्हण्यांना तेच आहे असं मी इथून म्हणणार नाही. पण ट्रायग्लिसराइड नॉर्मल आहेत म्हणून त्यांनी यकृताकडे दुर्लक्ष करू नये. एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट आणि वय एवढ्यावरून डॉक्टर यकृतातल्या व्रणांचा अंदाज देणारा फिब-४ आकडा काढतात. तो १.३ च्या वर गेला तर पुढे फायब्रोस्कॅन.

निवृत्त_फिजिशियन

इथे थोडा मतभेद नोंदवतो. सुहासचं एचडीएल ३७ ला जाईल असं मंजिरीताई म्हणतात. जाईलही. पण आपल्या लोकांत कमी एचडीएल हे सगळं ट्रायग्लिसराइडच्या डोक्यावर फोडता येत नाही. आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीत महाराष्ट्रही होता. त्यात ७२ टक्के लोकांचं एचडीएल कमी निघालं, आणि ट्रायग्लिसराइड वाढलेले साधारण ३० टक्केच. म्हणजे नॉर्मल ट्रायग्लिसराइड असूनही एचडीएल कमी असणारे भरपूर आहेत. त्यात आनुवंशिकता किती, धान्यावर भर असलेलं जेवण किती आणि बैठं काम किती, यावर अजून वाद आहेत. चाळीसच्या वर गेलं नाही म्हणून सुहासने आणखी आठ किलो उतरवू नयेत.

लॅबवाली_मंजिरी

सहमत. आणि म्हणूनच सुहास, तुमचा रिपोर्ट मी एचडीएलवरून नाही वाचणार. एकूणातून एचडीएल वजा करा. आधी २१२ वजा ३४, म्हणजे १७८. आता १७१ वजा ३१, म्हणजे १४०. रक्तवाहिनीत रुतू शकणारा सगळा माल या आकड्यात येतो, आणि तो ३८ ने उतरलाय.

एलडीएल तुमच्या लॅबने मोजलेलं नाही, गणिताने काढलंय, पैज लावते. ट्रायग्लिसराइडला पाचने भागून काढतात: आधी २१२ − ३४ − ५७ = १२१, आता १७१ − ३१ − ३० = ११०. ट्रायग्लिसराइड वाढलेले असले की हे सूत्र डगमगतं आणि ४०० च्या पुढे तर वापरायचंच नसतं. त्यामुळे जुन्या १२१ वर मी फार विसंबणार नाही.

नाशिकचा_सुहास

रिपोर्टवर बरोबर १२१ आणि ११० च आहे! खाली बारीक अक्षरात 'कॅल्क्युलेटेड' लिहिलंय, आत्ता दिसलं.

मग आता पुन्हा तपासणी कधी करू?

लॅबवाली_मंजिरी

वजन दोन महिने एका जागी राहू दे. किलो-अर्धा किलो इकडेतिकडे चालेल. रक्त देण्याआधी दहा-बारा तास उपाशी, आदल्या रात्री लग्नाची पंगत नको. ताप-सर्दी झाली असेल तर पुढे ढकला. आणि शक्यतो तीच लॅब. ट्रायग्लिसराइड एकाच माणसात आज १४० आणि पुढच्या आठवड्यात १७० येऊ शकतात, काहीही न बदलता. लोक तेवढ्यावर आहार बदलतात, ते करू नका.

निवृत्त_फिजिशियन

अवांतर पण सांगून ठेवतो. हे सगळं दीडशे ते पाचशेच्या मधल्या लोकांचं बोलणं आहे. ज्यांचे ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर आहेत त्यांनी धागे वाचत बसू नये. हजाराच्या पुढे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका खरा आहे. तिथे आधी औषध, मग कंबर.

शुभांगी_म

मी टीएसएच करायला दिलंय. तोवर एक शंका: मी फारसं तेल खातच नाही. मग २१० कशाने?

लॅबवाली_मंजिरी

दिवसभरात काय खाता ते लिहा.

शुभांगी_म

सकाळी पोहे किंवा साबुदाणा, दुपारी तीन पोळ्या, भाजी, वरणभात, चार वाजता चहा आणि टोस्ट, रात्री भात-आमटी. फळं भरपूर. संध्याकाळी मोसंबीचा रस, डॉक्टर मैत्रिणीने सांगितलेला.

पेठेतला_पप्पू

ताई, यात डाळ दोन डाव आणि बाकी सगळं पीठ. हे मी ठामपणे सांगतो, मंजिरीताई मला हाणणार नाहीत.

लॅबवाली_मंजिरी

नाही हाणणार, पूर्ण बरोबर. यकृत पीठ-साखरेपासून चरबी बनवतं म्हटलं होतं, ते हेच. सगळ्यात आधी रस बंद, मोसंबी सोलून खा. मग टोस्ट. मग रात्रीच्या भाताच्या जागी उसळ किंवा अंडी-पनीर, जे घरात चालत असेल ते. काट्यावर दोन किलो उतरले तरी पुरे, टेपवर चार सेंमी उतरले पाहिजेत.

---

नाशिकचा_सुहास

धागा वर काढतोय. वजन ७२-७३ वर टिकवलं, मध्ये गणपतीत दीड किलो वाढलं होतं ते उतरवून मग दोन महिने थांबलो आणि रक्त दिलं. ट्रायग्लिसराइड १३६, एकूण १७४, एचडीएल ३६. कंबर ८९. सोनोग्राफीत ग्रेड १.

मंजिरीताई, ३७ म्हणाला होतात. एकाने हुकलं. :)

पण ग्रेड १ बघून थोडा हिरमुसलो. मला वाटलं होतं यकृत एकदम नॉर्मल निघेल.

लॅबवाली_मंजिरी

एकाचं काय घेऊन बसलात, तेवढा फरक तर मशीनमध्येच असतो.

ग्रेडचं मनावर घेऊ नका. ते करणाऱ्याच्या नजरेवर असतं, दोन ठिकाणी दोन ग्रेड निघतात. सोनोग्राफीला थोडी चरबी दिसतही नाही, आणि थोडी उरलेली असली तर '१' लिहून मोकळे होतात. ट्रायग्लिसराइड २८६ चे १३६ झाले, त्याअर्थी यकृत माल कमी पाठवतंय, ही माझ्या मते जास्त भरवशाची साक्ष आहे. आकडा नीट हवाच असेल तर फायब्रोस्कॅन करा, त्यात चरबी आणि कडकपणा दोन्ही कळतं.

जर्मनीतली_गौरी

आमच्याकडची बातमी: टेप १०३ सेंमी. अहो म्हणतात टेप इंचाची असेल. बिअरबद्दल बोलणी चालू आहेत.

शुभांगी_म

माझं टीएसएच ९.८ आलं. म्हणजे मोसंबीचा रस उगाच बदनाम झाला का?

निवृत्त_फिजिशियन

रसाला अजून क्लीन चिट नाही. पण क्रम बदलला. आधी थायरॉइडची गोळी तुमच्या डॉक्टरांकडून सुरू करून घ्या, सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा, आणि ते जागेवर आलं की मगच लिपिड. त्याआधी केलेला लिपिड रिपोर्ट पैसे वाया घालवणारा आहे. थायरॉइड सुधारल्यावर २१० चे किती उरतात ते पोटाचे आणि पिठाचे. कंबर मात्र आजपासूनच मोजत राहा, त्याला टीएसएचची वाट बघायची गरज नाही.

शुभांगी_म

ठीक. टेप कपाटाच्या दाराला लटकवलीय. सासूबाईंनीही मोजून घेतली, ९४. आता त्या मला विचारतायत की उपासाला साबुदाण्याऐवजी काय.

पेठेतला_पप्पू

वरई सांगू नका, ते पण पीठच. शेंगदाण्याची आमटी आणि दही.

लॅबवाली_मंजिरी

त्यावर वेगळा धागा काढा, इथे मारामारी होईल.